एपीआय खाली आला, पण का? हिवताप सर्वेक्षणाचे तीन आकडे एकत्र कसे वाचायचे

जिल्ह्याच्या आढावा बैठकीत हिवतापाचा विषय निघाला की पडद्यावर पहिला आकडा येतो तो एपीआयचा, म्हणजे वर्षभरात दर हजार लोकसंख्येमागे सापडलेल्या रुग्णांचा. गेल्या वर्षी ५ होता, यंदा ३.७५ आहे, म्हणजे पाव हिश्शाने घट. टाळ्या पडतात आणि बैठक डेंग्यूकडे वळते. या घटीचा अर्थ हिवताप कमी झाला असा असू शकतो. तो शोधणं कमी झालं, असाही असू शकतो. एकटा एपीआय या दोन्हींमधला फरक कधीच सांगत नाही. तो फरक ओळखायला बाजूचे दोन आकडे आणि प्रयोगशाळेची नोंदवही लागते.

प्राथमिक आरोग्य केंद्रातले आरोग्य सहायक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नव्याने रुजू झालेले वैद्यकीय अधिकारी, आणि हे अहवाल वाचणारे पत्रकार किंवा ग्रामपंचायत सदस्य, या सगळ्यांना स्वतः हिशेब करून पाहता यावा म्हणून हे लिहितो आहे. गुणाकार-भागाकारापलीकडचं गणित यात नाही.

## तिन्ही आकड्यांचं नातं

आधी व्याख्या उरकून घेऊ. वर्षभरात तपासलेले रक्तनमुने भागिले लोकसंख्या, गुणिले १००, हा वार्षिक रक्त तपासणी दर, म्हणजे एबीईआर. दूषित निघालेले नमुने भागिले तपासलेले नमुने, गुणिले १००, हा एसपीआर. आणि दूषित निघालेले रुग्ण भागिले लोकसंख्या, गुणिले १०००, हा वार्षिक परोपजीवी निर्देशांक, म्हणजे एपीआय. पहिले दोन शेकड्यात आहेत आणि तिसरा हजारात, हे ध्यानात ठेवा. अहवालातल्या निम्म्या चुका इथेच होतात.

या तिघांचं एक नातं आहे:

एपीआय = एबीईआर × एसपीआर ÷ १०

म्हणजे एपीआय हा मुळात दोन गोष्टींचा गुणाकार आहे: तुम्ही किती जणांचं रक्त पाहिलं आणि पाहिलेल्यांपैकी किती जणांत जंतू सापडले. यातली पहिली गोष्ट आपल्या कामावर अवलंबून असते, दुसरी बऱ्याच अंशी आजारावर. रक्त तपासणी निम्मी केली तर आजार तसाच असूनही एपीआय खाली येतो. अहवाल खरा आहे का, हे पाहण्याची सगळ्यात स्वस्त कसोटीही हीच आहे. समोरच्या कागदावरचे तीन आकडे या सूत्रात बसत नसतील, तर कुठेतरी लोकसंख्या तरी वेगळी धरली आहे किंवा नमुने तरी दोन ठिकाणांहून मोजले आहेत. बैठकीत कागद हातात येताच मी आधी हा गुणाकार करून पाहतो.

एबीईआर किमान १० टक्के असावा, हा दंडक राष्ट्रीय कार्यक्रमात जुना आहे. हिवताप असलेल्या भागात वर्षभरात निदान दहा टक्के लोकांना तरी ताप येणारच आणि त्या सगळ्यांचं रक्त तपासलं गेलं पाहिजे, असा त्यामागचा विचार. १९७७ च्या सुधारित कार्ययोजनेत एपीआय २ ही रेघ ठरली. त्या रेषेवरच्या भागात घराघरांत कीटकनाशकाची फवारणी, खालच्या भागात रुग्ण शोधण्यावर भर. २०१६ मध्ये आलेल्या निर्मूलनाच्या राष्ट्रीय आराखड्यात एपीआय १ ही रेघ महत्त्वाची झाली. फवारणी, मच्छरदाण्या, मनुष्यबळ यांचं वाटप या रेषांवरून होतं. त्यामुळे ज्या गावात तपासणीच झाली नाही, त्या गावाचा एपीआय खाली राहतो आणि मच्छरदाण्यांच्या यादीतही ते गाव खालीच जातं.

## पहिली पायरी: लोकसंख्या पक्की करा

दोन सूत्रांत छेद लोकसंख्येचा आहे, आणि सगळ्यात कमी लक्ष तिच्याकडे जातं. २०११ च्या जनगणनेवर दरवर्षी ठरावीक टक्के वाढवत आणलेला आकडा बहुतेक तक्त्यांत असतो. जिल्ह्यासाठी तो चालून जातो, उपकेंद्रासाठी चालत नाही. वाडी-पाड्यावरून माणसं कामासाठी बाहेर गेलेली असतात, तर खाणीजवळ किंवा रस्त्याच्या कामावर बाहेरची माणसं आलेली असतात. आशा आणि आरोग्य सेवक घरोघर फिरून जी नोंदवही करतात, तिच्यातली लोकसंख्या घ्या आणि वर्षभर तीच ठेवा. मार्चमध्ये एक आणि नोव्हेंबरमध्ये दुसरी, असं नको.

आदिवासी भागात एक खास गोंधळ होतो तो आश्रमशाळांचा. मुलं वर्षातले बरेच महिने शाळेत राहतात, पण त्यांची नावं घरच्या गावाच्या नोंदवहीत असतात. शाळेत तपासणी झाली की दोनतीनशे नमुने एका दिवसात शाळेच्या उपकेंद्राच्या खात्यावर जमा होतात आणि लोकसंख्या मात्र दुसऱ्याच उपकेंद्राच्या छेदात राहते. शाळेच्या उपकेंद्राचा एबीईआर पंचवीस-तीस टक्के दिसू लागला तर हे कारण आधी तपासा. उपाय सोपा आहे. शाळा हे वेगळं गाव समजून तिची ओळ वेगळी लिहायची, मुलं त्या ओळीच्या लोकसंख्येत धरायची आणि घरच्या गावातून वगळायची.

## दुसरी पायरी: नमुने मोजताना काय धरायचं

‘घेतलेले’ नमुने आणि ‘तपासलेले’ नमुने या वेगळ्या गोष्टी आहेत. एबीईआरमध्ये तपासलेले धरायचे. आरोग्य सेवकाच्या पिशवीत किंवा प्रयोगशाळेच्या टेबलावर पडून राहिलेल्या काचपट्ट्या यात येत नाहीत. म्हणून आकडा एम-१ या फॉर्मवरून उचलू नका. त्यावर संशयित तापरुग्णांची नोंद असते. तपासणीची खरी नोंद प्रयोगशाळेच्या एम-३ मध्ये असते. एम-४ हा त्यावरून दर पंधरवड्याला वर जाणारा अहवाल. एम-३ उघडलंच आहे, तर नमुना घेतल्याची तारीख आणि तपासल्याची तारीख यांतलं अंतरही पाहून घ्या. ते आठ-दहा दिवसांवर गेलं असेल तर निकाल येईपर्यंत रुग्ण एकतर बरा तरी झालेला असतो किंवा गंभीर होऊन तालुक्याला तरी गेलेला असतो.

आता काचपट्टीबरोबर आरडीटीने, म्हणजे जागेवरच निकाल देणाऱ्या पट्टीनेही तपासणी होते. म्हणून काही अहवालांत एसपीआरऐवजी टीपीआर लिहिलेलं दिसेल. हिशेब तोच, फक्त छेदात दोन्ही प्रकारच्या तपासण्या येतात. अडचण तेव्हा होते, जेव्हा एकाच माणसाची आरडीटीही होते आणि काचपट्टीही घेतली जाते. अशा माणसाला एकदाच मोजायचं. दोन्ही रकान्यांची आंधळी बेरीज केली की एबीईआर फुगतो आणि आपल्याला वाटतं की काम झालं. नमुनेवहीत नाव, वय आणि तारीख लावून पाहिली की अशा जोड्या लगेच सापडतात.

उपचारानंतर रक्त जंतुमुक्त झालं का, हे पाहण्यासाठी घेतलेले पाठपुराव्याचे नमुने या हिशेबात येत नाहीत. तो त्याच आजाराचा भाग असतो. आणि पाठपुरावा आरडीटीने तर करूच नये. हिवतापाच्या जंतूची फॅल्सीपॅरम ही जात ओळखणारी पट्टी एचआरपी-२ या प्रथिनावर चालते. जंतू मेल्यानंतरही ते प्रथिन काही आठवडे रक्तात राहतं. औषध पूर्ण घेतलेला माणूस पंधरा दिवसांनी पुन्हा ‘दूषित’ दिसतो आणि एपीआयमध्ये एक खोटा रुग्ण वाढतो. हल्ली उपचार झालेल्या माणसाला ताप आला, तर काचपट्टीच घ्या.

## तिसरी पायरी: रुग्ण मोजताना

एपीआयच्या अंशात माणूस मोजायचा, जंतूंच्या जाती मोजायच्या नाहीत. वायव्हॅक्स आणि फॅल्सीपॅरम दोन्ही एकाच रक्तात सापडले, तर रुग्ण एक. जातीनुसार तक्ता करताना मिश्र संसर्गाचा रकाना वेगळा ठेवावा.

रुग्ण कुठल्या गावाचा, यावरून वाद होतात. ग्रामीण रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाचं रक्त तिथे तपासलं गेलं, तरी तो रुग्ण त्याच्या राहत्या गावाच्या खात्यावर गेला पाहिजे. नाहीतर रुग्णालय असलेल्या गावाचा एपीआय उगाच वाढतो आणि जिथे डास चावला ते गाव यादीत दिसतच नाही. बाहेरून आजार घेऊन आलेला रुग्ण असेल तर तशी नोंद करून वेगळा दाखवायचा. मुंबईतल्या बांधकामावरून किंवा छत्तीसगडमधल्या कामावरून परतलेला मजूर आठवडाभरात आजारी पडला, तर त्याला गावातल्या डासाने आजार दिलेला नसण्याचीच शक्यता जास्त. डास चावल्यापासून ताप यायला साधारण आठवडा ते दोन आठवडे, कधी त्याहून जास्त दिवस लागतात.

एवढं झालं की तक्ता करायला अवघड काही नाही. ए स्तंभात उपकेंद्र, बी मध्ये लोकसंख्या, सी मध्ये तपासलेले, डी मध्ये दूषित, अशी मांडणी करून पुढच्या चार स्तंभांत ही सूत्रं टाका:

```
E2: =C2/B2*100
F2: =IF(C2=0,"",D2/C2*100)
G2: =D2/B2*1000
H2: =ROUND(E2*F2/10-G2,2)
```

ई मध्ये एबीईआर, एफ मध्ये एसपीआर, जी मध्ये एपीआय येतो. एच मध्ये शून्य आलं पाहिजे. तो स्तंभ फक्त पडताळणीसाठी आहे आणि त्याचा खरा उपयोग ई, एफ, जी मध्ये दुसऱ्याच्या अहवालातले तयार आकडे टाकल्यावर होतो. एकही नमुना तपासला नसेल तर एसपीआरचा रकाना मुद्दाम रिकामा सोडला आहे. तिथे शून्य लिहिलं तर ‘आजार नाही’ असा निरोप वर जातो आणि वस्तुस्थिती ‘माहिती नाही’ अशी असते. अशा ओळीत एचमध्ये चूक दाखवली जाईल, ती तशीच राहू द्या.

## एक केंद्र उलगडून पाहू

गडचिरोलीसारख्या जंगलपट्ट्यातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र डोळ्यांसमोर आणा. आकडे मी हिशेबासाठी रचलेले आहेत, पण त्यांची ठेवण अशा भागात काम केलेल्यांना ओळखीची वाटेल. लोकसंख्या २१,६००. गेल्या वर्षी ३,४५६ जणांचं रक्त तपासलं, १०८ दूषित निघाले. एबीईआर १६, एसपीआर ३.१३, एपीआय ५. यंदा १,९४४ जणांचं तपासलं, ८१ दूषित. एबीईआर ९, एसपीआर ४.१७, एपीआय ३.७५.

वर सांगितलेल्या टाळ्या याच केंद्रासाठी पडल्या होत्या. पण शेजारचा आकडा पाहा. तपासलेल्या दर शंभर माणसांत गेल्या वर्षी तीन दूषित होते, यंदा चारच्या वर आहेत. एपीआय पाव हिश्शाने उतरला आणि एसपीआर एक तृतीयांशाने चढला. दोघांच्या दिशा उलट असल्या की एपीआयवर विसंबू नये, हा माझा नियम आहे.

मग खरा एपीआय किती? कुणी म्हणेल, यंदाही ३,४५६ नमुने तपासले असते तर ४.१७ टक्क्यांनी १४४ रुग्ण निघाले असते आणि एपीआय ६.६७ झाला असता. हा हिशेब मांडायला मोह होतो, पण तो तसा करता येत नाही. जे पंधराशे लोक तपासायचे राहिले, ते कोण होते यावर सगळं अवलंबून आहे. किरकोळ सर्दी-तापाचे रस्त्याकडचे लोक राहिले असतील तर त्यांच्यात दूषित कमी निघाले असते. नदीपलीकडचे पाडे राहिले असतील तर जास्त. ते कळायला उपकेंद्रात उतरावं लागतं.

| उपकेंद्र | लोकसंख्या | तपासलेले | दूषित | एबीईआर | एसपीआर | एपीआय |
|---|---|---|---|---|---|---|
| रस्त्याकडचं | ७,२०० | ८६४ | ६ | १२.० | ०.६९ | ०.८३ |
| बाजारगावचं | ५,४०० | ५४० | १९ | १०.० | ३.५२ | ३.५२ |
| जंगलाकडचं | ४,८०० | ३३६ | ४१ | ७.० | १२.२० | ८.५४ |
| नदीपलीकडचं | ४,२०० | २०४ | १५ | ४.८६ | ७.३५ | ३.५७ |

जंगलाकडचं उपकेंद्र लगेच नजरेत भरतं, त्याबद्दल वाद नाही. तिथे एपीआयही सगळ्यात जास्त आहे आणि एसपीआरही. फवारणी आणि मच्छरदाण्यांसाठी ते आपोआप पहिल्या क्रमांकावर येईल.

खरा प्रश्न बाजारगाव आणि नदीपलीकडचं या जोडीचा आहे. दोन्हींचा एपीआय जवळपास एक, ३.५२ आणि ३.५७. जिल्ह्याच्या नकाशावर दोन्ही एकाच रंगात रंगवले जातील. पण बाजारगावात दहा टक्के लोकांचं रक्त पाहून हा आकडा आला आहे आणि नदीपलीकडे पाच टक्क्यांपेक्षा कमी लोकांचं पाहून. तिथे तपासलेल्या दर चौदा माणसांमागे एक दूषित आहे, बाजारगावात अठ्ठावीसमागे एक. बाजारगावचा एपीआय हा बऱ्यापैकी आजाराचा आकडा आहे. नदीपलीकडचा आकडा किमान इतके रुग्ण आहेत, एवढंच सांगतो.

## वर्ष फोडा, महिने पाहा

नदीपलीकडच्या २०४ नमुन्यांचे महिने लावले तर चित्र आणखी बदलतं. जानेवारी ते मे या काळात ११८ नमुने, २ दूषित. जून ते सप्टेंबर ३८ नमुने, ९ दूषित. ऑक्टोबर ते डिसेंबर ४८ नमुने, ४ दूषित. एसपीआर अनुक्रमे १.७, २३.७ आणि ८.३.

वर्षातले निम्म्याहून जास्त नमुने कोरड्या महिन्यांत घेतले गेले, कारण तेव्हा नदी पायी ओलांडता येते. पावसाळ्यात नदीला पूर असताना आरोग्य सेवक पलीकडे जाऊ शकला नाही, आणि हिवतापाचा हंगाम नेमका तोच. जे ३८ लोक कसेबसे अलीकडे येऊन पोचले किंवा पाड्यावरच्या आशाकडे गेले, त्यांच्यात जवळपास दर चौथा माणूस दूषित निघाला. वर्षाचा ७.३५ हा एसपीआर म्हणजे उन्हाळ्यातल्या स्वच्छ काचपट्ट्यांनी पातळ केलेला आकडा आहे.

३८ हा लहान आकडा आहे, हेही सांगायला हवं. ३८ पैकी ९ यावरून तापाच्या रुग्णांमधलं खरं प्रमाण साधारण १३ ते ३९ टक्के यांच्यामध्ये कुठेही असू शकतं. म्हणजे ‘२३.७’ मधल्या दशांश चिन्हाला काही अर्थ नाही. पण खालची बाजू धरली तरी १३ टक्के उरतातच आणि तिकडे लक्ष द्यायचं की नाही, हे ठरवायला तेवढे पुरेत.

याच कारणासाठी वर्षअखेरीला उद्दिष्ट भरून काढणं घातक ठरतं. नोव्हेंबरमध्ये लक्षात येतं की एबीईआर आठवर अडकला आहे, मग डिसेंबरात शाळा आणि बाजारात जाऊन ताप नसलेल्यांची बोटं टोचली जातात. एबीईआर दहावर जातो, एसपीआर खाली येतो आणि कागदावर दोन्ही आकडे छान दिसतात. ओळखायची खूण अशी: महिन्यावार तक्त्यात एखाद्या महिन्याचे नमुने एकदम दुप्पट-तिप्पट झालेले आणि त्या महिन्याचा एसपीआर जवळपास शून्य. एम-१ वर त्या दिवशीच्या नोंदी पाहिल्या तर एकाच तारखेला, एकाच जागी, दहा-बारा वर्षांची पन्नास मुलं सापडतात. साथीच्या वेळी गावाची सरसकट तपासणी करणं योग्य आहे, ती करावी. पण ते नमुने वेगळ्या ओळीत लिहा, नेहमीच्या तापरुग्णांच्या एसपीआरमध्ये मिसळू नका.

## एसपीआर का हलला, हे कसं शोधायचं

एसपीआर वाढला म्हणजे आजार वाढला, असं लगेच म्हणू नये. तपासणी कमी होऊन फक्त जास्त आजारी माणसंच पोचत असतील तरी तो वाढतो. उलट एसपीआर घटण्यामागे प्रयोगशाळाही असू शकते. तंत्रज्ञ रजेवर असल्याने काचपट्ट्या साचल्या, मग दोन दिवसांत ढीग उपसला, तर प्रत्येक काचेवर सूक्ष्मदर्शकाखाली पुरेशी क्षेत्रं पाहिली जात नाहीत. जाड थेंबाची किमान शंभर क्षेत्रं पाहिल्याशिवाय काचपट्टी निर्दोष म्हणू नये. घाईत विरळ जंतू असलेल्या पट्ट्या आधी निसटतात.

यासाठी एम-३ मधला एक रकाना मला फार उपयोगी वाटतो, तो जंतूंच्या अवस्थेचा. फॅल्सीपॅरमच्या नोंदीत तंत्रज्ञ आर किंवा जी लिहितो. आर म्हणजे अंगठीसारखी सुरुवातीची अवस्था, जी म्हणजे चंद्रकोरीसारखी युग्मकं. ही युग्मकं रक्तात दिसायला ताप सुरू झाल्यापासून साधारण आठवडा-दहा दिवस जावे लागतात, आणि डासाला संसर्ग होतो तो त्यांच्यामुळेच. एखाद्या उपकेंद्राच्या दूषित नोंदींत आर कमी आणि जी जास्त दिसू लागले, तर तिथले रुग्ण आपल्यापर्यंत उशिरा पोचत आहेत आणि तोवर त्यांनी डासांना जंतू दिलेले आहेत. एबीईआर दहाच्या वर असतानाही हे घडू शकतं. किती लोक तपासले ते एबीईआर सांगतो, ताप आल्यावर किती दिवसांनी तपासले ते मात्र हा रकानाच सांगतो.

त्याबरोबर एकूण दूषितांमध्ये फॅल्सीपॅरमचा वाटा महिन्यागणिक पाहा. जंगलपट्ट्यात पावसाळ्याच्या शेवटाकडे तो वाढणं नेहमीचं आहे. पण वायव्हॅक्स जिथल्या तिथे राहून फॅल्सीपॅरम एकाएकी नाहीसा झाला, तर आरडीटीच्या पट्ट्या उष्णतेत ठेवल्या गेल्या का आणि त्यांची मुदत संपली होती का, हे आधी तपासा.

## पुढच्या पावसाळ्याआधी

नदीपलीकडच्या उपकेंद्राचं आपल्या उदाहरणात काय करायचं? वार्षिक एबीईआर वाढवा, असं पत्र काढून काही होणार नाही. उन्हाळ्यात आणखी शंभर नमुने येतील आणि आकडा सुधारेल, एवढंच. लक्ष्य महिन्याचं ठरवा. वर्षाला दहा टक्के म्हणजे ४,२०० लोकांमागे ४२० नमुने. यातले निम्म्याहून जास्त, म्हणजे समजा २४०, जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आले पाहिजेत, महिन्याला साठ. पलीकडे सहा पाडे असतील तर दर पाड्यामागे महिन्याला दहा तापरुग्ण. आकडा एवढा लहान झाला की तो आशाला पेलतो आणि पर्यवेक्षकाला फोनवर विचारता येतो.

त्यासाठी मे महिन्यातच आरडीटीच्या पट्ट्या, क्लोरोक्वीन, प्रायमाक्वीन आणि फॅल्सीपॅरमसाठीच्या एसीटीची पाकिटं पलीकडच्या प्रत्येक आशाकडे पोचली पाहिजेत. नदी भरल्यावर पाठवू म्हटलं तर जात नाहीत. २४० तपासण्या अपेक्षित असतील तर ३०० पट्ट्या द्या. वाया जाणाऱ्या आणि साथीत लागणाऱ्या धरून एवढा साठा लागतोच. पट्ट्या पत्र्याच्या छपराखाली, चुलीजवळ ठेवू नयेत, पाकिटावर लिहिलेल्या तापमानातच राहिल्या पाहिजेत. आशाकडून निकाल रोज फोनने किंवा निरोपाने घ्यायचे. मोबाइलचं नेटवर्क नसेल तर बाजाराच्या दिवशी वही अलीकडे यायची सोय लावा.

एवढं केलं की पुढच्या वर्षी बहुधा असं होईल: या उपकेंद्राचा एपीआय वाढेल. ४२० तपासण्यांत समजा ३४ रुग्ण सापडले तर एसपीआर ८.१ आणि एपीआय थेट ८.१. आढावा बैठकीत कुणीतरी विचारेल की दुप्पट कसा झाला. उत्तर आधीच तयार ठेवा आणि तिन्ही आकडे एका ओळीत दाखवा: एबीईआर ४.९ वरून १०, एसपीआर ७.४ वरून ८.१. वाढलेला एपीआय जवळजवळ सगळा शोधण्यातून आला आहे. हे समजून न घेता वाढीबद्दल आरोग्य सेवकाला नोटीस दिली, तर पुढच्या वर्षी तो कमी बोटं टोचेल.

## शून्य आल्यावर

रस्त्याकडच्या उपकेंद्राचा एपीआय ०.८३ आहे. निर्मूलनाच्या आराखड्याप्रमाणे ते एकच्या खाली आहे. तिथल्या एखाद्या गावात वर्षभरात ६० जणांचं रक्त तपासलं आणि एकही दूषित निघाला नाही, तर ते गाव हिवतापमुक्त का? एक सोपा ठोकताळा आहे: काहीच सापडलं नसेल, तेव्हा ३ ला तपासलेल्यांच्या संख्येने भागा. ३ ÷ ६० म्हणजे ५ टक्के. तापाच्या रुग्णांत खरं प्रमाण पाच टक्क्यांपर्यंत असूनही साठ नमुन्यांत शून्य येऊ शकतं. ३०० जण तपासून शून्य आलं, तर ते एक टक्क्याच्या आत आहे असं म्हणता येतं. त्यामुळे शून्याशेजारी तपासलेल्यांची संख्या लिहिलेली नसेल, तर ते शून्य स्वीकारू नये.

इतक्या खाली आल्यावर हे तिन्ही दर हळूहळू निकामी होतात. दोन हजार वस्तीच्या गावात एक रुग्ण सापडला की एपीआय ०.५, दोन सापडले की १. एवढ्यावरून गाव एका गटातून दुसऱ्या गटात टाकण्यात अर्थ नसतो. तिथे प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र चौकशी करायची: गेल्या महिन्याभरात तो कुठे झोपला, कुठल्या कामावर होता, घरात आणि शेजारी आणखी कुणाला ताप आहे का, संसर्ग गावातला की बाहेरचा. एखाद्या देशाला हिवतापमुक्त ठरवतानाही जागतिक आरोग्य संघटना एपीआय पाहत नाही. सलग तीन वर्षं स्थानिक संसर्गाचा एकही रुग्ण नाही, हे पाहते. श्रीलंकेला २०१६ मध्ये आणि चीनला २०२१ मध्ये असंच प्रमाणपत्र मिळालं.

महाराष्ट्राचा एकूण एपीआय एकच्या खाली आहे आणि गडचिरोलीचा त्याच्या कितीतरी वर. राज्याच्या सरासरीत गडचिरोलीचे सुमारे पावणेअकरा लाख लोक जसे दिसेनासे होतात, तसंच जिल्ह्याच्या सरासरीत नदीपलीकडचे ४,२०० लोक दिसेनासे होतात. म्हणून एपीआय मागवायचा तर उपकेंद्राचा मागवा, महिन्यावार मागवा, आणि ज्या ओळीत एबीईआर पाचच्या खाली आहे तिथला एपीआय छापण्याऐवजी ‘तपासणी अपुरी’ असं लिहा.